काचेवर लावलेलं कार्ड

झेरॉक्सच्या दुकानात माणसं काय काय विसरून जातात, हा असं दुकान चालवणाऱ्या ताईच्या घरचा रोजचा विनोद होता. छत्र्या, पेनं, औषधांच्या पिशव्या. एकदा एक आजोबा चष्मा विसरले आणि तो शोधायला चष्म्याविना परत निघाले, ते थेट शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसले. न्हाव्यानेही बिचाऱ्याने त्यांची दाढी करून मगच त्यांना इकडे पाठवलं.

पण सगळ्यात जास्त राहून जायची ती ओळखपत्रं. कार्ड मशीनच्या काचेवर पालथं घालायचं, झाकण लावायचं, प्रत काढायची, एवढंच काम. गर्दीत प्रत गिऱ्हाइकाच्या हातात पडते आणि मूळ कार्ड झाकणाखाली राहतं. मग पुढच्या माणसाच्या कागदाबरोबर त्या कार्डाचंही चित्र उमटलं की ताई कपाळावर हात मारून घ्यायची. गिऱ्हाईक विसरलं असं ती म्हणायची खरी, पण झाकण उचलून कार्ड परत द्यायचं काम तिचं होतं. हे तिच्या सासूबाई तिला अधूनमधून ऐकवायच्या.

सासूबाई दुकानातच मागच्या टेबलाशी बसायच्या. ओळखपत्रासाठी काढलेले फोटो कापायचं आणि लॅमिनेशन करायचं खातं त्यांच्याकडे होतं. सुनेचं आणि त्यांचं मेतकूट अगदी छान जमलेलं होतं, म्हणजे दिवसभर एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय दोघींना करमत नसे.

राहिलेल्या कार्डांवर ताईचा उपाय ठरलेला होता, आणि तो त्या गल्लीतल्या सगळ्याच झेरॉक्सवाल्यांचा उपाय होता. कार्डाची मोठी प्रत काढायची आणि दुकानाच्या काचेच्या दारावर चिकटवायची. जाता-येता कुणीतरी ओळखतं, मालक घ्यायला येतो, आभार मानतो. आजवर एकही कार्ड तिच्याकडे पडून राहिलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला बराच अभिमान होता.

त्या सोमवारी झाकणाखाली एका बाईचं कार्ड निघालं. तिशीतली, केस घट्ट बांधलेले, कॅमेऱ्याकडे बघताना श्वास रोखून धरलेली. पत्ता दुसऱ्याच शहरातला होता, इथून रात्रभराच्या प्रवासावरचा.

"एवढ्या लांबची बाई. कार्डाशिवाय अडकून पडली असेल हो कुठेतरी," ताई हळहळली. "हिचा तर फोटोही मोठा लावते. रस्त्यापलीकडून दिसायला हवा."

तिने मशीनवर दोनशे टक्क्यांचं बटण दाबलं. चेहरा, नाव, जन्मतारीख, नंबर, सगळं झोकात उमटलं. खाली तिने लाल पेनाने लिहिलं, 'या ताईंनी आपलं कार्ड इथून घेऊन जावं.' मग चारी कोपऱ्यांना टेप लावून कागद दारावर डकवला.

"निवडणुकीला उभी केलीस की काय तिला?" सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "माझा उजेड गेला."

दुपारी कुरिअर घेऊन येणाऱ्या माणसाने दुकानाच्या पाटीसकट त्या कागदाचा फोटो काढला. "ग्रुपवर टाकतो ताई, लगेच मालकीण सापडेल," तो म्हणाला. ताईने त्याला वर चहा पाजला. किती चांगली माणसं असतात जगात, असं तिच्या मनात आलं.

बुधवारी सकाळी दुकान उघडून ती मशीन पुसत होती, तेव्हा निळ्या शर्टातला एक माणूस आत आला. नीटनेटका, भांग पाडलेला, पायात चकचकीत बूट. डोळे मात्र रात्रभर जागल्यासारखे लाल होते. त्याने दाराकडे बोट दाखवलं.

"ती माझी बायको आहे. कार्ड घ्यायला आलोय."

ताईला आनंद झाला. "बघा आई, दोन दिवसांत मालक हजर! पण तुम्हाला कळलं कसं हो?"

"फिरत फिरत माझ्या मोबाइलवर आलं. मामेभावाने पाठवलं." तो हसला. "तुमचे उपकार कसे फेडू, तेच कळत नाही."

त्याने खिशातून स्वतःचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. आडनाव तेच, पत्ता तोच, अगदी घर क्रमांकासकट. ताईला आणखी काय हवं होतं? तिने खणाला हात घातला. बाईचं कार्ड तिच्या बोटांना लागलंही.

"ती आली कधी होती हो?" माणसाने विचारलं.

"सोमवारी. सकाळीच."

"एकटीच होती? की कोणी होतं बरोबर?"

"एकटीच असेल. गर्दी होती."

"आणि कसली झेरॉक्स काढली तिने?"

ताईने सरळ मनाने आठवून सांगितलं, "मुलीच्या शाळेचे कागद होते बहुतेक. प्रवेशाचे."

 माणसाचं हसू तसंच होतं, पण त्यामागचं सगळं थांबलं. काउंटरवर टेकवलेली त्याची बोटं पांढरी पडली होती. मग तो अगदी हळू, लाडीगोडीने म्हणाला, "कुठली शाळा, ताई?"

आणि ताईचा खणातला हात थांबला. हा कार्ड घ्यायला आला आहे ना? मग कार्ड कुठे आहे, हे त्याने अजून एकदाही विचारलं नव्हतं. बायको कुठे आहे, एवढंच तो विचारत होता. स्वतःच्या मुलीची शाळा त्याला ठाऊक नव्हती.

 शाळेचं नाव तिला आठवत होतं. कागदाच्या डोक्यावर ते ठळक अक्षरांत होतं, आणि शाळा इथून दोन वळणांवर होती.

"अहो, हिला काय विचारता!" मागून सासूबाईंचा आवाज आला. कात्री खाली ठेवून त्या उठल्या होत्या. "हिला काल रात्री काय जेवली ते आठवत नाही. दिवसाला शंभर माणसं येतात, सगळ्यांचे शाळेचेच कागद. आणि कार्ड इथे नाही हं. ते आम्ही पोलीस चौकीत जमा करतो."

"बाहेर तर लिहिलंय, इथून घेऊन जा."

"लिहिलंय हिने. अक्कल गहाण ठेवून लिहिलंय."

माणसाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. ताईचा हात अजून खणातच होता. त्याने तेही पाहिलं.

"हरकत नाही," तो म्हणाला. "ती येईलच ना घ्यायला. थांबतो मी."

तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाकावर जाऊन बसला, दुकानाच्या दाराकडे तोंड करून. त्याने पायावर पाय टाकला, हाताची घडी घातली आणि थांबला.

ताई मटकन खुर्चीत बसली.  पालीला घाबरून स्टुलावर चढणारी बाई ती. आणि आता तिला कळलं, की गेले दोन दिवस आपण काचेवर चांगुलपणा डकवलेला नव्हता. आपण गळ टाकून ठेवला होता. ती बाई कुठल्या शहरात आहे हे या माणसाला माहीत नव्हतं. ते त्याला दोनशे टक्के मोठं करून सांगितलं ताईने. कुठे आसपास राहते, तेही सांगितलं. आणि शाळेचं तर तोंडीच.

"आई, मी काय करून बसले हो?"

"रडायचं नंतर. आधी फोन कर," सासूबाई म्हणाल्या. त्यांनीच फोन तिच्या हातात दिला.

चौकीतल्या पोलीसबाईने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही, आणि त्यामुळे ताईला जास्तच भीती वाटली.

"कार्ड कुणालाही द्यायचं नाही. नवरा, भाऊ, बाप, कुणीही असो. ज्याचं कार्ड त्यालाच, तेही आमच्यामार्फत. दारावरचा कागद आत्ता काढा. त्या माणसाशी आता एक शब्द बोलू नका. ती बाई आली तर तिला आत घ्या, दार लावा आणि मला कळवा. दोन शिपाई मोर्च्याच्या बंदोबस्ताला गेलेत, त्यातल्या एकाला बोलावते, पण वेळ लागेल. तुम्हाला कार्ड घेऊन इथे येता येईल?"

"तो समोरच बसलाय. माझ्या मागे येईल."

"भर रस्त्याने या, माणसांतून. आला मागे तर येऊ दे."

फोन ठेवल्यावर ताईने पलीकडच्या बाकाकडे पाहिलं. येऊ दे मागे. तो आपल्या मागे आला, तर या दारावर नजर ठेवायला मागे कोण उरेल? कुणीच नाही. विचार साधा होता, आणि आता जायलाच हवं होतं.

तिने दार उघडलं, त्याच्या देखत तो कागद टराटरा फाडून काढला. टेपचे चार तुकडे काचेवर तसेच राहिले. मग काउंटरवर येऊन तिने खणातलं कार्ड बाहेर काढलं, मुद्दाम वर धरून पाहिलं आणि पर्समध्ये टाकलं. सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. एरवी असलं काही त्या करत नसत.

"ती आली तर ओळखाल ना, आई?"

"तिचे फोटो मीच कापलेत सोमवारी. कानाशी तीळ आहे. तू जा."

ताई निघाली. बाकासमोरून जाताना तिने मान वळवली नाही. भाजीवाल्यांच्या रांगेपर्यंत पोचली, तेव्हा चकचकीत बुटांचा आवाज मागे ऐकू आला. तिने पर्स पोटाशी धरली. पळायचं नाही, असं ती स्वतःला सांगत होती. पळाले तर हा धावेल. भाजीवाली म्हणाली, "ताई, आज भेंडी कोवळी आहे," पण ताई थांबली नाही. ती नुसती मान हलवत पुढे गेली.

औषधाच्या दुकानापाशी तो तिच्या बाजूला आला. खांद्याला खांदा लागेल इतका जवळ.

"ताई, कशाला त्रास घेता? माझ्याकडे द्या ना," तो म्हणाला. आवाज अजून गोडच होता. "डोक्यावर परिणाम झालाय हो तिच्या. माझी पोरगी घेऊन गेलीय. बापाला पोरगी बघावीशी वाटणार नाही का? तुम्हाला मुलंबाळं आहेत ना?"

ताईने पर्स आणखी घट्ट धरली.

"तुमचं दुकान बघितलंय मी आता," तो म्हणाला. "म्हातारी एकटीच असते ना तिथे?"

ताईला वाटलं, सगळं सोडून द्यावं. कार्ड त्याच्या तोंडावर फेकावं आणि घरी पळावं. प्लास्टिकचा एक तुकडा, त्याच्यापायी कशाला? पण पाय चालत राहिले. का चालत राहिले, ते तिला नंतरही कधी सांगता आलं नाही.

चौकीच्या पायऱ्या चढून ती आत शिरली आणि टेबलाचा काठ घट्ट धरून उभी राहिली. पोलीसबाई तिच्याकडे बघून उठली. दारात तो माणूसही आला होता. पळून जाईल असं ताईला वाटलं होतं, पण तो चक्क आत येऊन म्हणाला, "मॅडम, माझ्या बायकोचं कार्ड आहे यांच्याकडे. मला मिळावं."

"बसा ना," पोलीसबाई म्हणाली. तिने आधी ताईकडून कार्ड घेतलं. कुठे सापडलं, कधी सापडलं, कुणाला सापडलं, ते विचारून सगळं लिहिलं, ताईची सही घेतली आणि जमा केल्याची पावती फाडून तिच्या हातात दिली. किती संथ चाललं होतं ते सगळं! ताईचा जीव टांगणीला लागला होता.

"नवरा आहे मी," माणूस म्हणाला. "पत्ता एकच आहे. बघा."

"असेल ना. पण सापडलेलं कार्ड आम्ही ज्याचं त्याच्याच हातात देतो. चेहरा जुळवून, माहिती विचारून. नाही आलं कुणी, तर ज्या कार्यालयाने दिलं तिकडे परत पाठवतो. तुमचं कार्ड द्या. तुमचंही नाव लिहून घेते."

तिने दोन्ही कार्डांवरचे तपशील कॉम्प्युटरवर घातले. पडद्याकडे बघता बघता तिचा चेहरा जराही बदलला नाही. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. सासूबाई.

"ती आलीय," सासूबाई कुजबुजल्या. "पोरगी पण आहे बरोबर. मी शटर खाली ओढलंय. आम्ही तिघी आतच आहोत."

माणसाची नजर ताईवर खिळली होती. फोनमधून आवाज बाहेर तर येत नाही ना? ताईने फोन कानाशी आणखी दाबला.

"हो आई," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "दूध आणते येताना. नाही, विसरत नाही. तुम्ही... तुम्ही गॅस बंद ठेवा."

फोन ठेवला. घरात दूध सकाळीच आलं होतं, आणि दुकानात गॅस नव्हताच. पोलीसबाईने पडद्यावरून नजर उचलून ताईकडे पाहिलं. ताईने डोळ्यांनीच हो म्हटलं. यापेक्षा जास्त काही करायची तिची ताकद नव्हती.

माणूस एकदम उठला. "मी येतो नंतर."

"बसा," पोलीसबाई म्हणाली, आणि या वेळी ती दार आणि तो यांच्या मधे येऊन उभी राहिली. "या बाईच्या आसपासही जायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे तुमच्यावर. दोन वेळा मोडलाय म्हणून दिसतंय. इथे कशाला आलात, ते आता सविस्तर सांगा."

आतल्या खोलीतून तिचे साहेब बाहेर आले. बाहेर मोटरसायकल थांबली आणि बंदोबस्तावरचा शिपाई धावत पायऱ्या चढला. माणसाने त्या दोघांकडे पाहिलं नाही. त्याने ताईकडे पाहिलं, अगदी शांतपणे, चेहरा लक्षात ठेवून घेतात तसं. ती नजर पुढे कितीतरी दिवस शटर उघडताना ताईच्या पाठीवर असायची.

पोलीसबाई कार्ड घेऊन ताईबरोबर दुकानात आली. शटर वर केलं तेव्हा मशीनच्या मागे, जमिनीवर, ती बाई मुलीला कुशीत घेऊन बसली होती. मुलीच्या अंगावर नवा कोरा गणवेश होता, बाह्या जरा लांब. पोलीसबाईने चेहरा जुळवला, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव विचारलं, सही घेतली आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

"त्याला बसवून ठेवलंय. आज तो सुटणार नाही," पोलीसबाई म्हणाली. "पण पुढचं मी सांगू शकत नाही. त्याला गाव कळलंय."

"मुलगी इथल्या शाळेत घातलीय, हेही कळलंय," ताई म्हणाली. ते तिने स्वतःच सांगितलं, कारण न सांगून चालणार नव्हतं. "माझ्या तोंडून गेलं. आणि कागद मीच लावला होता. मला वाटलं, तुम्हाला मदत होईल."

बाईने तिच्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

"काल मला शेजारणीने दाखवला तो फोटो," बाई म्हणाली. "रात्रभर ठरवत होते, कार्ड घ्यायला यावं की तसंच निघावं. पण कार्डाशिवाय खोलीसुद्धा कोणी देत नाही हो." मग मुलीच्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली, "आज पहिल्यांदाच ही शाळेत जाताना रडली नाही. अर्ध्यातून उठवून आणली मी."

 सासूबाईंनी पाठ फिरवून उगीचच फोटोंचे तुकडे गोळा केले.

थोड्या वेळाने बाईने पिशवीतून कागद काढले. "यांच्या प्रती काढून द्याल? दुसरीकडे लागतील. शाळेतून नाव काढायला जायचंय."

"दुसरीकडे म्हणजे..." ताईच्या तोंडात प्रश्न आला. कुठे जाणार, कुणाकडे, सोय आहे का, ही तिची नेहमीची आपुलकीची विचारपूस. तिने ओठ मिटले आणि तो गिळून टाकला. या बाईला देण्यासारखं तिच्याजवळ आता तेवढंच उरलं होतं.

तिने एकेक कागद उचलला, न वाचता पालथा घातला, झाकण लावलं. मशीनचा उजेड इकडून तिकडे सरकत राहिला. मुलगी तो बघत होती.

शेवटी ताईने प्रती आणि मूळ कागद वेगवेगळे लावून बाईच्या हातात ठेवले. बाई पोलीसबाईबरोबर बाहेर पडली, मुलगी दोघींच्या मधे. ताईने मशीनचं झाकण उचललं आणि काच पाहिली. मग पुन्हा एकदा पाहिली. काचेवर काही राहिलं नव्हतं.